निपाणीचं आधार मिरजेत दाखवताना: अ‍ॅपची भाषा, क्यूआर आणि नाव-पत्त्याची दुरुस्ती

कर्नाटकाच्या सीमाभागातल्या बहुतेकांच्या आधारावर दोन भाषा असतात: कन्नड आणि इंग्रजी. कागवाडचा माणूस उपचाराला मिरजेला जातो, निपाणीचा कोल्हापूरला, खानापूरचा गोव्याला. तिथल्या खिडकीवर बसलेल्याला कन्नड येत नाही. उलट बाजूने, कागल किंवा चंदगडहून लग्न होऊन इकडे आलेल्या बाईचं आधार मराठीत असतं आणि ते नाडकचेरीत कन्नड वाचणाऱ्यासमोर ठेवावं लागतं. मग कुणीतरी सांगतं, ‘अ‍ॅपची भाषा मराठी कर, सगळं मराठीत येईल.’ भाषा बदलली जाते, बटणं मराठीत येतात, पण नाव होतं तसंच राहतं. अ‍ॅप बिघडलं असं वाटतं. ते बिघडलेलं नसतं.

गोंधळ होतो तो एका आधारावरच्या तीन वेगवेगळ्या भाषा एकच समजल्यामुळे. पहिली अ‍ॅपची भाषा. बटणं, मथळे आणि सूचना तिच्यात दिसतात आणि ती तुम्ही हवी तेव्हा बदलू शकता. दुसरी नोंदीची भाषा. नाव आणि पत्ता आधार देणाऱ्या UIDAI या सरकारी संस्थेकडे इंग्रजीत आणि सोबत एका भारतीय भाषेत नोंदलेला असतो. आपल्याकडे ती बहुधा कन्नड असते आणि अ‍ॅपच्या सेटिंगचा तिच्याशी काही संबंध नसतो. तिसरी क्यूआरच्या आतली भाषा, आणि ती फक्त इंग्रजी आहे. आधारच्या क्यूआरमधला मजकूर ISO-8859-1 नावाच्या अक्षरसंचात भरलेला असतो. त्या संचात रोमन अक्षरं आहेत, देवनागरीही नाही आणि कन्नडही नाही. त्यामुळे कार्ड कन्नडात छापलेलं असो की मराठीत, स्कॅन केल्यावर नाव-पत्ता इंग्रजीतच उमटतो.

परक्या भाषेच्या गावात दाखवायला क्यूआर उपयोगी पडतो तो याच कारणाने. समोरच्याला कन्नड वाचता येत नसेल तर त्याला कार्ड वाचायला लावू नका, स्कॅन करायला लावा.

अ‍ॅप मराठीत आणणं

सध्या दोन अधिकृत अ‍ॅपं लोकांच्या फोनवर दिसतात. एक जुनं mAadhaar, दुसरं नोव्हेंबर 2025 मध्ये आलेलं नुसतं Aadhaar नावाचं. उतरवून घेताना प्रकाशकाच्या जागी UIDAI चं नाव आहे का ते बघा. सारख्या दिसणाऱ्या चिन्हांची खासगी अ‍ॅपंही प्ले स्टोअरवर आहेत आणि त्यांत आधार क्रमांक टाकू नये.

mAadhaar इंग्रजी धरून 13 भाषांत चालतं. त्यांत मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत. पहिल्यांदा उघडल्यावरच ते भाषा विचारतं. तेव्हा घाईत इंग्रजी निवडली गेली असेल तर नंतर सेटिंग्जमध्ये जाऊन बदलता येते. मराठी निवडली तरी एक गोष्ट बदलत नाही: रकान्यांत जे टाइप करायचं ते इंग्रजीतच. मराठी कळफलक चालू ठेवून नाव किंवा पत्ता लिहायला गेलात तर रकाना तो घेत नाही. ही सोय मुद्दाम तशी ठेवलेली आहे, तेव्हा फोन बदलून किंवा अ‍ॅप काढून पुन्हा टाकून काही फरक पडणार नाही.

प्रोफाइल जोडायला आधारशी जोडलेला मोबाइल नंबर चालू असावा लागतो, कारण ओटीपी त्यावरच येतो. एका फोनवर पाच प्रोफाइल राहतात. त्यासाठी त्या सगळ्यांच्या आधारला तोच नंबर जोडलेला हवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं आधार मुलाच्या फोनवर ठेवायचं असेल तर आधी त्यांच्या आधारला कुठला नंबर आहे हे बघून घ्या. myaadhaar.uidai.gov.in वर ‘Verify Email/Mobile Number’ मध्ये नंबर टाकला की तो जोडलेला आहे की नाही ते कळतं. नंबर बंद पडला असेल तर आधार केंद्रावर जाऊन नवा जोडावा लागतो. त्याला कागदपत्र लागत नाही, बोटांचे ठसे लागतात.

नवं Aadhaar अ‍ॅप सुरू करताना चेहऱ्याची पडताळणी करतं. त्यात एक चांगली सोय आहे: सगळं आधार न दाखवता हवी तेवढीच माहिती समोरच्याला देता येते. लॉजवर किंवा इमारतीच्या फाटकावर नाव आणि फोटो पुरतो, तिथे पूर्ण पत्ता देण्याचं कारण नाही.

दोन्ही अ‍ॅपांना बहुतेक कामांना इंटरनेट लागतं. खानापूरच्या जंगलपट्ट्यात किंवा चोर्ला घाटात रेंज जाते, म्हणून अ‍ॅपवर विसंबून न राहता ई-आधारची पीडीएफ फोनमध्ये उतरवून ठेवा. कायद्याने अ‍ॅपमधलं आधार, पीडीएफ, प्लॅस्टिकचं पीव्हीसी कार्ड आणि टपालाने आलेलं पत्र या सगळ्यांना सारखाच मान आहे.

पीडीएफला पासवर्ड असतो: नावाची इंग्रजीतली पहिली चार अक्षरं मोठ्या लिपीत, आणि पुढे जन्मवर्ष. नाव Suresh आणि वर्ष 1990 असेल तर

```
SURE1990
```

आपल्याकडे इथेच बरेच जण अडतात, कारण नाव डोळ्यांसमोर कन्नडात असतं आणि इंग्रजी स्पेलिंग नक्की काय नोंदलंय ते आठवत नाही. ज्ञानेश्वर हे नाव महाराष्ट्राच्या वळणाने Dnyaneshwar लिहितात, कर्नाटकाच्या वळणाने Jnaneshwar. पहिल्याचा पासवर्ड DNYA ने सुरू होईल, दुसऱ्याचा JNAN ने. कविता हे नाव इकडचा ऑपरेटर Kavitha लिहितो, कागलचा Kavita. तिथे पहिली चार अक्षरं तीच असल्यामुळे पीडीएफ उघडते, पण पुढे बँकेत किंवा पॅनशी जुळवताना तोच एक h आडवा येतो. नाव चार अक्षरांहून लहान असेल तर आहे तेवढंच नाव आणि वर्ष.

खिडकीवर दाखवताना

पीडीएफ उघडून क्यूआर मोठा करा. पडद्याचा उजेड पूर्ण वाढवा आणि फोनचा रात्रीचा पिवळसर रंग बंद करा. क्यूआरच्या चारही बाजूंना पांढरी कड दिसली पाहिजे. मोठा करताना ती पडद्याबाहेर गेली तर स्कॅनरला चौकोन कुठे संपतो ते समजत नाही आणि स्कॅन होत नाही. अगदी पडदाभर न करता कडेला बोटभर पांढरं राहू द्या.

आधारचा क्यूआर साध्या दुकानातल्या पैसे भरायच्या क्यूआरपेक्षा खूप दाट दिसतो. त्याचं कारण त्याच्या पोटातला माल. त्यात नाव, जन्मतारीख, लिंग, पूर्ण पत्ता, आधार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, एक छोटा फोटो आणि UIDAI ची डिजिटल सही असते. मोबाइल नंबर थेट नसतो, त्याचा न उलगडणारा सारांश तेवढा असतो. पूर्ण 12 अंकी आधार क्रमांकही त्यात नसतो. म्हणून खिडकीवर क्रमांक मोठ्याने सांगण्यापेक्षा क्यूआर दाखवणं कधीही बरं.

दाटपणामुळेच तो लवकर बिघडतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेला स्क्रीनशॉट दाबून लहान केला जातो, बारीक ठिपके एकमेकांत मिसळतात आणि डोळ्याला ठीक दिसणारा क्यूआर स्कॅन होत नाही. पाठवायचाच असेल तर पीडीएफ ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. कोपऱ्यावरच्या दुकानात पीडीएफ कापून पाकिटाच्या मापाचं लॅमिनेशन करतात, त्यातही हेच होतं: क्यूआर नखाएवढा होतो आणि वर प्लॅस्टिकची चमक येते. UIDAI कडून मागवलेलं पीव्हीसी कार्ड त्यापेक्षा चांगलं.

समोरच्याने फोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्याने स्कॅन केलं तर त्याला पानभर नुसते आकडे दिसतील. मग तो म्हणेल, ‘हे खोटं आहे’ किंवा ‘उघडत नाही’. त्याला शांतपणे सांगा की हा क्यूआर UIDAI च्या Aadhaar QR Scanner अ‍ॅपने किंवा अधिकृत आधार अ‍ॅपमधल्या स्कॅनरनेच वाचला जातो. तो स्कॅनर सही तपासतो, आणि सही जुळली तरच फोटोसह माहिती दाखवतो. या तपासणीला UIDAI च्या सर्व्हरपर्यंत जावं लागत नाही. सही क्यूआरच्या आतच आहे.

याच्या अगदी उलट एक प्रकार आहे आणि तो ओळखता आला पाहिजे. 2018 च्या आधी छापलेल्या पत्रांवर जुना क्यूआर आहे. तो कुठल्याही स्कॅनरने उघडतो आणि आत साधा मजकूर दिसतो, काहीसा असा:

```
<PrintLetterBarcodeData ... dist="Belgaum"
 state="Karnataka" pc="591237"/>
```

उघडतो म्हणून लोकांना तोच खरा वाटतो. पण त्यात सही नाही, त्यामुळे असा क्यूआर कुणीही बनवू शकतो आणि जाणकार तपासणारा तो मान्य करणार नाही. घरात अजून ते जुनं लॅमिनेट केलेलं पत्रच वापरात असेल तर नवी पीडीएफ उतरवून घ्या, पैसे लागत नाहीत.

कर्नाटकातल्या कार्यालयात मराठी आधार दाखवायचं असेल तर दोन-चार शब्द कामाला येतात. ‘हेसरु’ म्हणजे नाव, ‘विळास’ म्हणजे पत्ता, ‘जन्म दिनांक’ तर आपलंच. ‘क्यूआर स्कॅन माड्री’ एवढं म्हटलं तरी पुरतं. आपल्या भागात ‘माडि’पेक्षा ‘माड्री’ म्हणणंच आदराचं वाटतं. आणि मिरज-कोल्हापुरात कन्नड आधार दाखवताना बोट इंग्रजी ओळीवर ठेवा. तीच ओळ संगणकात भरली जाणार असते.

पत्ता बदलणं: कागलहून निपाणीला

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. माहेर कागल, जिल्हा कोल्हापूर. आधार मराठी आणि इंग्रजीत. लग्न निपाणीत. आता रेशनकार्डात नाव चढवायचं आहे, त्यासाठी पत्ता निपाणीचा हवा. हिच्या नावावर निपाणीत वीजबिल नाही, भाडेकरार नाही. अशा वेळी सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे कुटुंबप्रमुखाच्या आधारवरून पत्ता घेणं.

तिने स्वतःच्या आधारने myaadhaar.uidai.gov.in वर ओटीपी घालून आत जायचं आणि पत्ता बदलण्याच्या भागात ‘Head of Family’ हा मार्ग निवडायचा. नवऱ्याचा आधार क्रमांक टाकायचा, नातं निवडायचं आणि नात्याचा पुरावा चढवायचा. विवाह नोंदणीचा दाखला असेल तर उत्तम. पुरावाच नसेल तर UIDAI च्या ठरलेल्या नमुन्यात कुटुंबप्रमुखाचं स्वयंघोषणापत्र चालतं. फाइल 2 एमबीच्या आत ठेवायची. शुल्क 75 रुपये. ऑक्टोबर 2025 च्या आधी ते 50 होतं, त्यामुळे जुन्या व्हिडिओंत 50 ऐकलं असेल. पैसे भरल्यावर एसआरएन, म्हणजे अर्जाचा क्रमांक, मिळतो, तो लिहून ठेवायचा.

इथे अर्ज पूर्ण झाला असं वाटतं, पण अजून अर्धं काम बाकी असतं. आता नवऱ्याने स्वतःच्या आधारने त्याच पोर्टलवर आत जाऊन आलेली विनंती मान्य करायची असते. त्याला 30 दिवस मिळतात. तेवढ्यात मान्य केली नाही तर अर्ज बंद होतो आणि 75 रुपये परत येत नाहीत. नवरा पुण्याला किंवा आखातात कामाला असतो, त्याच्या आधारला जोडलेला नंबर घरच्या कपाटातल्या जुन्या फोनमध्ये असतो, आणि मुदत निघून जाते. म्हणून अर्ज करायच्या आधीच नवऱ्याचा नंबर चालू आहे ना, ओटीपी येतो ना, ते पाहून घ्यावं. 

दुसरं लक्षात ठेवायचं ते हे, की या मार्गात पत्ता टाइप करायचा नसतो, कुटुंबप्रमुखाचा आहे तसा येतो. त्याच्या आधारवर घर नंबर चुकलेला असेल किंवा पिन जुना असेल तर ती चूक हिच्याही आधारवर येईल. आधी त्याचं दुरुस्त करा, मग हिचं.

अर्ज नाकारला जाण्याचं सर्वांत मोठं कारण नावाचं आहे. हिच्या आधारवर अजून माहेरचं आडनाव आहे आणि जोडलेल्या रेशनकार्डावर सासरचं. तपासणाऱ्याला त्या दोन वेगळ्या बायका दिसतात. विवाह दाखल्यावर लग्नाआधीचं नाव असतं, म्हणून तो इथे चालतो. नावही बदलायचं असेल तर तोच दाखला घेऊन आधार केंद्रावर जावं लागतं, कारण नाव ऑनलाइन मार्गाने बदलत नाही. पत्ता कितीही वेळा बदलता येतो, पण नाव आयुष्यात दोनदा, जन्मतारीख आणि लिंग एकेकदाच. म्हणून नाव बदलायला जाण्याआधी पॅन, बँक पासबुक आणि दहावीची गुणपत्रिका समोर ठेवून एकच इंग्रजी स्पेलिंग ठरवावं आणि कागदावर लिहून ऑपरेटरला द्यावं. तोंडी सांगितलेलं नाव ऑपरेटर त्याच्या सवयीप्रमाणे लिहितो. Savita ची Savitha तिथेच होते.

स्वतःच्या कागदपत्रावर, म्हणजे स्वतःच्या नावाच्या वीजबिलावर वगैरे पत्ता बदलणाऱ्याला मात्र रकाने भरावे लागतात. पिन टाकल्यावर राज्य, जिल्हा आणि गाव यादीतून येतात. जिल्हा काही ठिकाणी Belagavi, काही ठिकाणी Belgaum दिसतो. शहराचं आणि जिल्ह्याचं सरकारी नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून बदललं, पण जुन्या याद्या आणि जुनी कार्डं अजून चालू आहेत. यादीत जे आहे ते निवडा, हाताने दुसरं लिहायचा प्रयत्न करू नका. एवढ्या फरकावरून कुणी आधार नाकारू नये, आणि नाकारलं तर पिन कोड दाखवा. निपाणी-कागवाडवाल्यांच्या जुन्या कागदांवर तालुका चिक्कोडी किंवा अथणी असतो, तोही तसाच प्रकार. भरलेले रकाने काहीसे असे दिसतील, त्यांत VTC म्हणजे गाव किंवा शहर:

```
House No: 123/A
Street: Main Road
VTC: Nippani
District: Belgaum
State: Karnataka
PIN: 591237
```

कन्नड ओळ तपासल्याशिवाय पुढचं बटण दाबू नका

इंग्रजीत भरलेला मजकूर यंत्र आपोआप दुसऱ्या भाषेत उतरवतं आणि तो पडद्यावर दाखवतं. सीमाभागातल्या मराठी नावांची सर्वाधिक मोडतोड इथे होते, आणि कन्नड वाचता येत नसल्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही.

कारण सरळ आहे. कन्नड नावं इंग्रजीत लिहिण्याची पद्धत वेगळी. तिथे th म्हणजे त आणि नुसता t म्हणजे पुष्कळदा ट. त्यामुळे Kavita ची ओळ ‘कविटा’सारखी उमटू शकते. Dnyaneshwar मधले Dny हे ज्ञ आहे हे मराठी माणसालाच ठाऊक. यंत्र त्याचं ‘ड्न्या’ करून टाकतं, आणि कन्नडात ज्ञ हे अक्षर असूनही ते वापरलं जात नाही. कन्नडात ए आणि ओ यांचे ह्रस्व-दीर्घ असे दोन प्रकार आहेत, मराठीत तसा भेद नाही. म्हणून मोहनचा ‘मो’ आखूड लिहिला जातो. a हा अ आहे की आ, हे तर यंत्राला कधीच नीट कळत नाही, मग कमलची कमला होते.

कन्नड वाचणारा शेजारी, शाळेतला मुलगा किंवा कॉलेजात जाणारी मुलगी कुणीही चालेल. त्याला नाव सांगू नका, पडद्यावरची कन्नड ओळ मोठ्याने वाचायला सांगा. नाव आधी सांगितलं की माणूस तेच वाचतो आणि चूक निसटते. वाचलेलं चुकीचं वाटलं तर ती ओळ तिथेच दुरुस्त करून मग पुढे जा. केंद्रावर असाल तर ऑपरेटर पावती छापण्याआधी पडदा तुमच्याकडे वळवतो. त्या वेळी ‘मला कन्नड येत नाही, वाचून दाखवा’ असं सांगायला संकोच करू नका.

दुसरी भाषा म्हणून कन्नडऐवजी मराठीच हवी असेल तर UIDAI च्या भाषांत मराठी आहे. पण इथल्या केंद्रावर कन्नड गृहीत धरून काम चालतं. म्हणून नोंदणी सुरू करायच्या आधीच विचारावं, फॉर्म भरून झाल्यावर नव्हे. आमचं मत असं की फक्त भाषेसाठी वेगळी फेरी मारू नये. नाव किंवा पत्ता बदलायला जाणारच असाल तेव्हा तो विषय काढावा. महाराष्ट्रातलं काम इंग्रजी ओळीवर आणि क्यूआरवर होतं, तिथे कन्नड ओळीमुळे काही नाकारलं जात नाही. मदतीसाठी 1947 हा नंबर आहे, तिथे मराठीत आणि कन्नडातही बोलता येतं.

दुरुस्ती व्हायला साधारण महिना धरून चाला आणि एसआरएनने मधूनमधून बघत राहा. झाली की एक काम लगेच करायचं, आणि नेमकं तेच राहून जातं. क्यूआर हा बनवला त्या क्षणाचा फोटो आहे. आधारची नोंद बदलली म्हणून पाकिटातल्या कार्डावरचा क्यूआर बदलत नाही. तो स्कॅन केला तर सही बरोबर जुळते, पण पत्ता अजून कागलचाच दिसतो. म्हणून नवी पीडीएफ उतरवा, जुनी फोनमधून पुसा, अ‍ॅपमधलं प्रोफाइल रिफ्रेश करा. रिफ्रेश करूनही जुनंच दिसत असेल तर प्रोफाइल काढून पुन्हा जोडा. नाव बदललं असेल तर नव्या पीडीएफचा पासवर्ड नव्या स्पेलिंगने उघडतो, जुना चालत नाही.

कोविड लसीचा दाखला

तो आता क्वचित मागतात, पण एखाद्या नोकरीत किंवा परदेशाच्या कामात अजून लागू शकतो. त्याचा क्यूआरही त्याच धाटणीचा आहे: आत इंग्रजी मजकूर आणि सही, नेहमीच्या कॅमेऱ्याने उघडला तर अर्थहीन अक्षरं. तपासणाऱ्याला verify.cowin.gov.in उघडून तिथूनच स्कॅन करायला सांगावं. खरा असेल तर नाव, लस आणि तारीख दिसते. कोविनचं पान मराठीत करता येतं, पण त्यानेही बदलतात ते मथळे. दाखल्यावरचं नाव नोंदणीच्या वेळी दिलेल्या ओळखपत्राप्रमाणेच राहतं.

आपल्या भागात एक अडचण खास आहे. 2021 मध्ये सीमेवर ये-जा अवघड झाली होती. कुणी पहिला डोस कोल्हापुरात एका नंबरवर घेतला आणि दुसरा निपाणीत दुसऱ्या नंबरवर. मग दोन्ही दाखल्यांवर ‘पहिला डोस’ असंच राहिलं. त्यासाठी कोविनवर आत जाऊन ‘Raise an Issue’ मध्ये दोन पहिल्या डोसांचे दाखले एकत्र करायचा पर्याय निवडायचा. तिथेच नाव, जन्मवर्ष आणि लिंग दुरुस्त करता येतं आणि पासपोर्ट क्रमांक जोडता येतो. दुरुस्ती एकदाच करू देतात, तेव्हा पासपोर्ट हातात धरून त्यावर आहे तसंच, अक्षर न अक्षर, नाव टाका. आधारवर Savitha आणि पासपोर्टवर Savita असेल तर इथे पासपोर्टचं चालवायचं, कारण विमानतळावर दाखला मागितला तर तो पासपोर्टशीच ताडून पाहतात. परदेशासाठी पूर्ण जन्मतारीख असलेला वेगळा नमुना आहे, तो उतरवा. नेहमीच्या दाखल्यावर पूर्ण तारीख नसल्यामुळे तो परत पाठवला जाऊ शकतो.

नवा दाखला मिळाल्यावर डिजिलॉकरमध्ये तो स्वतः फोटो काढून चढवू नका. ‘Issued’ भागात बेनिफिशियरी क्रमांक टाकून सरकारी नोंदीतून ओढून घ्या. स्वतः चढवलेली फाइल ही नुसती तुमची प्रत असते आणि मूळ कागदाचा दर्जा फक्त ‘Issued’ मधल्याला मिळतो. घरी एक रंगीत छापील प्रत ठेवा, क्यूआर किमान आगपेटीएवढा आणि लॅमिनेशन न करता.